न दिसलेला अडथळा

ड्रोनला डोळे बसवायचे म्हटले की बहुतेकांच्या मनात येते ते झाडांमधून वळणे घेत जाणारे यंत्र. पण अडथळ्यापाशी थांबणे हे अडथळ्याला वळसा घालण्याहून वेगळे काम आहे आणि ते आधी साधावे लागते. माझे म्हणणे त्याच्याही एक पाऊल मागचे आहे. थांबायचे केव्हा, हे ठरवताना ड्रोनला दोन गोष्टींमधला फरक कळला पाहिजे: समोर काही नाही, आणि समोर काय आहे ते मला दिसत नाही. घरच्या घरी जोडलेल्या पुष्कळ यंत्रणा या दोन्ही गोष्टींना एकच मानतात, आणि त्या इथेच फसतात. कॅमेरा कोणता, संगणक कोणता, भाषा कोणती, हे प्रश्न यानंतरचे.

एक ठरावीक जुळणी समोर धरू. साडेचारशे मिलिमीटर चौकटीचा, चार पंख्यांचा ड्रोन आहे. त्याच्या पोटात आर्डुपायलट चालवणारा फ्लाइट कंट्रोलर, वर रास्पबेरी पाय ४ हा कंपॅनियन कॉम्प्युटर आणि नाकावर रिअलसेन्स डी४३५ हा इंटेलने २०१८ मध्ये बाजारात आणलेला डेप्थ कॅमेरा. पुलाच्या खांबाची किंवा इमारतीच्या भिंतीची पाहणी करण्यासाठी पायलट तो लॉइटर मोडमध्ये हळूहळू पुढे नेतो आहे. कॅमेरा यूएसबीने पायला जोडलेला आहे. पाय प्रत्येक चित्रातून अंतरे काढतो आणि सिरियल तारेवरून मॅव्हलिंकचा `OBSTACLE_DISTANCE` हा संदेश फ्लाइट कंट्रोलरला पाठवतो. या संदेशाचा क्रमांक ३३० असल्याने मॅव्हलिंकची दुसरी आवृत्ती लागते. म्हणून ज्या पोर्टला पाय जोडला आहे त्याचे `SERIAL2_PROTOCOL` २ ठेवायचे. फ्लाइट कंट्रोलरवर `PRX1_TYPE` २ ठेवले की अंतरे मॅव्हलिंकवरून येणार आहेत हे त्याला कळते.

हा कॅमेरा अंतर मोजतो ते दोन डोळ्यांनी. त्याच्या दोन इन्फ्रारेड भिंगांमध्ये ५० मिलिमीटरचे अंतर आहे. एकच वस्तू दोन्ही चित्रांत किंचित वेगवेगळ्या जागी दिसते आणि त्या सरकण्यावरून अंतर निघते. ८४८ बाय ४८० च्या चित्रात भिंगाचे नाभीय अंतर सुमारे ४२५ पिक्सेल भरते. म्हणजे दोन मीटरवरची वस्तू दोन चित्रांत साधारण साडेदहा पिक्सेल सरकलेली दिसते, चार मीटरवरची पाचाच्या थोडी वर आणि आठ मीटरवरची तीनहून कमी. जुळवणीत एक दशांश पिक्सेलची चूक झाली तर दोन मीटरवर ती दोन सेंटिमीटर असते, चार मीटरवर साडेसात आणि आठ मीटरवर तीस. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते. हा या कॅमेऱ्याचा दोष नव्हे, दोन डोळ्यांच्या भूमितीचा नियम आहे. उन्हात कॅमेऱ्याचा स्वतःचा इन्फ्रारेड ठिपक्यांचा प्रकाश बुडून जातो. तेव्हा या जुळणीसाठी पाच मीटरपलीकडच्या आकड्यावर विसंबू नये.

इतके पुढचे दिसते म्हटल्यावर किती वेगाने उडायचे, हे आता आवडीवर राहत नाही. चित्र घेणे, त्यातून अंतरे काढणे, दोनतीन चित्रांत खात्री करणे आणि संदेश पोहोचवणे, या सगळ्याला ०.३ सेकंद धरू. ड्रोन दर सेकंदाला २.५ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करतो असे मानू. त्यासाठी त्याला साधारण पंधरा अंश मागे कलावे लागते. थांबल्यावर वस्तूपासून दोन मीटर मोकळे हवेत, कारण उंच भिंतीपाशी जीपीएसचे संकेत भिंतीवरून उसळून येतात आणि एका जागी थांबलेला ड्रोनही मीटर-दीड मीटर सरकतो. ताशी अकरा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला तीन मीटर वेग असेल तर विचारात ०.९ मीटर जातात, वेग मोडण्यात १.८, आणि मोकळे ठेवायचे २. बेरीज ४.७ मीटर. पाच मीटरच्या नजरेत हे बसते. वेग सहा मीटर केला की हीच बेरीज अकरा मीटर होते. आर्डुपायलटच्या ४ क्रमांकाच्या आवृत्त्यांमध्ये `LOIT_SPEED` मुळात १२५० असते, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. त्या वेगाला सदतीस मीटर लागतील. कॅमेरा बसवून हा एक आकडा तसाच ठेवणारा पायलट आपल्या ड्रोनला न दिसणाऱ्या जागेत ढकलत असतो. या जुळणीत तो ३०० करावा. बाकी सगळी हुशारी त्यानंतर उपयोगाची.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कॅमेरा देतो त्या खोलीच्या चित्रात काही पिक्सेलची किंमत शून्य असते. शून्य म्हणजे वस्तू चिकटलेली आहे असे नव्हे. शून्य म्हणजे जुळवणी झाली नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर उन्हात शून्य येते, कारण दोन चित्रांत ताडून पाहावे असे तिथे काही नसते. निळ्या आकाशात येते. भिंगावर थेट सूर्य पडला की येते. काचेतून कॅमेरा कधी पलीकडची खोली मोजतो, तर कधी शून्य देतो. आणि सर्वांत घातक म्हणजे, वस्तू फार जवळ आली की पुन्हा शून्यच येते. या विभेदनावर साधारण वीस सेंटिमीटरच्या आतले या कॅमेऱ्याला मोजता येत नाही. खांब चाळीस सेंटिमीटरवर असताना ‘खांब आहे’ म्हणणारा कॅमेरा पंधरावर आला की गप्प होतो.

मॅव्हलिंकच्या संदेशात मात्र शून्याचा अर्थ नेमका उलटा ठरलेला आहे: वस्तू संवेदकाला जवळजवळ टेकली आहे. ‘काही अडथळा नाही’ हे सांगायचे असेल तर कमाल अंतरापेक्षा एक जास्त आकडा पाठवायचा, आणि ‘माहीत नाही’ यासाठी ६५५३५. म्हणजे संदेश ठरवणाऱ्यांनी तिन्ही स्थितींना वेगळी जागा ठेवली होती. आर्डुपायलट हा संदेश वाचताना किमान आणि कमाल मर्यादेबाहेरचे आकडे अडथळा म्हणून धरत नाही. त्यामुळे ‘माहीत नाही’ आणि ‘मोकळे आहे’ यांचा परिणाम उड्डाणात एकच होतो: ड्रोन पुढे जातो. पीएक्स४ या दुसऱ्या मुक्त प्रणालीने याच प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले आहे. तिच्या टक्कर रोखणाऱ्या सोयीत `CP_GO_NO_DATA` हे पॅरामीटर आहे आणि ते मुळात बंद असते. ज्या दिशेची माहितीच नाही त्या दिशेला जायचे नाही, असा त्याचा अर्थ. दोन्ही प्रणाली जाणत्या लोकांनी घडवल्या आहेत आणि दोघांचीही बाजू आहे. मागे, डावीकडे, उजवीकडे संवेदक नसलेल्या ड्रोनला पीएक्स४चा नियम फक्त पुढे जाऊ देतो. आर्डुपायलट पायलटला मोकळे ठेवतो आणि जबाबदारी संदेश पाठवणाऱ्यावर टाकतो. इथे तो पाठवणारा म्हणजे आपला पाय.

म्हणून पायवरच्या कार्यक्रमात हा निर्णय उघडपणे लिहावा लागतो. कॅमेऱ्याची ८७ अंशांची रुंदी ७२ उभ्या पट्ट्यांत वाटली की प्रत्येक पट्टी बारा पिक्सेल रुंद होते. संदेशात `angle_offset` उणे ४३.५ आणि `increment_f` १.२ च्या आसपास ठेवायचे. प्रत्येक पट्टीतल्या, क्षितिजाभोवतीच्या ८० ओळींमधून एक आकडा काढायचा. तो असा:

```python
def sector_cm(z):              # z: metres, 0 = no match
    seen = z[z > 0]
    if seen.size < z.size / 2:
        return 190             # blind: treat as too near
    near = np.percentile(seen, 10)
    return 501 if near > 5.0 else max(30, int(near * 100))
```

यातली तिसरी आणि चौथी ओळ हे या प्रकरणाचे सार आहे. निम्म्याहून जास्त पिक्सेल आंधळे असतील तर पट्टी मोकळी आहे असे म्हणायचे नाही. दोन मीटरच्या मर्यादेच्या जरा आत, १९० सेंटिमीटरवर काहीतरी आहे असे सांगायचे. फ्लाइट कंट्रोलर त्या दिशेचा वेग शून्यावर आणतो, पण मागे फिरायची मुभा पायलटकडे राहते. अगदी जवळ आलेला, म्हणून दिसेनासा झालेला खांबही याच नियमात सापडतो. त्याच्यासाठी वेगळी तरतूद लागत नाही. पाचवी ओळ सर्वांत जवळचा पिक्सेल न घेता दहा टक्क्यांच्या पायरीवरचा घेते, कारण चुकीने जुळलेले एकदोन पिक्सेल नेहमी असतात आणि किमान आकडा घेतला तर ड्रोन हवेतल्या नसलेल्या वस्तूंपुढे थबकत राहतो. याची किंमत मोजावी लागते. तीन मीटरवरची एक सेंटिमीटर जाडीची उभी फांदी दीड पिक्सेलच्या आसपास भरते, म्हणजे पट्टीचा बारा टक्के भाग, आणि ती पकडली जाते. तेवढीच जाड आडवी फांदी ८० ओळींपैकी एकदोन ओळींत असते. ती दहा टक्क्यांत येत नाही आणि निसटते.

विजेच्या किंवा केबलच्या तारेबद्दल इथेच स्पष्ट सांगायला हवे. पाच मिलिमीटरची तार चार मीटरवर अर्धा पिक्सेल भरते. शिवाय आडव्या तारेची दोन्ही चित्रांतली रेघ सगळीकडे सारखीच दिसते, त्यामुळे ती किती सरकली हे ठरवायला आधारच नसतो. हा कॅमेरा तारा पाहत नाही. त्या जागेतल्या तारा उड्डाणाआधी माणसाने पाहून ठेवायच्या.

क्षितिजाभोवतीच्या ओळी म्हटले, पण क्षितिज चित्रात एका जागी राहत नाही. पुढे जाणारा ड्रोन नाक खाली करतो आणि ब्रेक लावताना नाक वर करतो. पंधरा अंश नाक वर झाले की क्षितिज चित्राच्या मध्यापासून सुमारे ११४ पिक्सेल खाली सरकते. कार्यक्रम तेव्हाही मधल्याच ओळी वाचत असेल, तर नेमक्या थांबण्याच्या क्षणी त्याला खांबाऐवजी आकाश दिसते आणि खांब नाहीसा झाला असे वाटून ड्रोन पुन्हा पुढे झेपावतो. पुढे, थांब, पुढे, थांब अशी डुलणारी चाल दिसली तर संशय आधी इथे घ्यावा. उपाय सोपा आहे. फ्लाइट कंट्रोलर पाठवतो त्या `ATTITUDE` संदेशातला कल वाचायचा आणि ८० ओळींचा पट्टा तितका खाली-वर सरकवायचा. चित्राची उभी व्याप्ती ५८ अंश आहे. त्यामुळे पंचवीस अंशांपर्यंतचा कल झेपतो. त्यापुढे पट्टाच चित्राबाहेर जातो. ड्रोनचा कमाल कल तेवढ्यावर बांधण्याचे हे आणखी एक कारण.

आता फ्लाइट कंट्रोलरच्या बाजूला. `AVOID_ENABLE` मध्ये प्रॉक्सिमिटीचा बिट चालू करायचा, `AVOID_MARGIN` २ ठेवायचे. `AVOID_BEHAVE` ला दोन पर्याय आहेत: शून्य म्हणजे अडथळ्याच्या कडेने घसरत जाणे, एक म्हणजे थांबणे. घसरत जाणे दिसायला छान असते, पायलटला ते गुळगुळीत वाटते. पण आपल्या ड्रोनला फक्त समोरचे दिसते. भिंतीच्या कडेने डावीकडे घसरताना तो ज्या बाजूला जातो ती बाजू त्याने पाहिलेलीच नसते. म्हणून इथे १. हाच तर्क `AVOID_BACKUP_SPD` ला लागू होतो. मर्यादेच्या आत काही आले की मागे सरकण्याचा हा वेग मुळात ०.७५ मीटर प्रति सेकंद असतो. चहूबाजूंनी लेझर असलेल्या ड्रोनला तो योग्य आहे. आपल्या ड्रोनला पाठीमागे डोळा नाही. समोरच्या पट्टीत ऊन शिरून ती आंधळी झाली, पायने १९० पाठवले आणि ड्रोन मागच्या खांबावर जाऊन आदळला, असा अपघात या एका आकड्याने होऊ शकतो. तो शून्य करावा.

इथवर सगळी माहिती येत राहील असे गृहीत धरले. ती थांबली तर? पायवरचा कार्यक्रम कोसळतो, यूएसबीची तार कंपनाने सैल होते, पायला पुरेसा विद्युतदाब मिळत नाही आणि तो पुन्हा सुरू होतो. अर्धा सेकंद संदेश आला नाही की आर्डुपायलट आपल्या प्रॉक्सिमिटीची स्थिती ‘माहिती नाही’ अशी करतो, आणि थोड्या वेळाने स्मरणातले जुने अडथळेही पुसले जातात. जमिनीवर असताना ही स्थिती मोटारी सुरू होऊ देत नाही. हवेत मात्र टाळाटाळीचा भाग तेवढा निष्क्रिय होतो आणि ड्रोन पायलटच्या काठीप्रमाणे पुढे जात राहतो. पायलटला मात्र आपला ड्रोन पाहतो आहे असेच वाटत असते. कॅमेरा नसलेल्या ड्रोनपेक्षा ही अवस्था वाईट आहे, कारण कॅमेरा नसताना पायलट स्वतः सावध असतो.

म्हणून सुरक्षित थांबण्याची दुसरी पायरी फ्लाइट कंट्रोलरच्या आत ठेवावी. `SCR_ENABLE` १ केले की त्यावर लुआ भाषेतला छोटा कार्यक्रम चालतो. मेमरी कार्डावरच्या `APM/scripts` फोल्डरमध्ये तो ठेवायचा:

```lua
local LOITER, BRAKE, GOOD = 5, 17, 2
function update()
  if vehicle:get_likely_flying() and vehicle:get_mode() == LOITER
     and proximity:get_status() ~= GOOD then
    gcs:send_text(3, "PRX lost: BRAKE")
    vehicle:set_mode(BRAKE)
  end
  return update, 100
end
return update, 100
```

दर शंभर मिलिसेकंदांनी तो एकच गोष्ट विचारतो: डोळे चालू आहेत का? नसतील तर ब्रेक मोड. ब्रेक मोडमध्ये ड्रोन लवकरात लवकर थांबतो, जागेवर तरंगतो आणि काठ्यांकडे लक्ष देत नाही. पायलटने गोंधळून पुन्हा लॉइटर निवडला तर हा कार्यक्रम त्याला पुन्हा थांबवतो. बाहेर पडायचा रस्ता म्हणजे अल्टहोल्ड मोड. तिथे हा कार्यक्रम हात घालत नाही. डोळे गेल्यावर जागा धरून ठेवणाऱ्या सुखकर मोडमधून पुढे जाणे बंद आणि पूर्ण जाणीवपूर्वक हाताने उडवणे खुले, अशी ही विभागणी आहे. पायलटने ती उड्डाणाआधी पाठ केलेली असावी आणि ट्रान्समीटरवर अल्टहोल्डचे बटण बोटाखाली असावे. ब्रेक मोडला जीपीएसची स्थिती लागते. ती नसेल तर तो मोड लागतच नाही, आणि म्हणून जीपीएस न मिळणाऱ्या गोदामात ही दुसरी पायरी जशीच्या तशी चालणार नाही.

यात एक फट उरते. कॅमेरा गोठला आणि पाय मात्र शेवटचेच चित्र वाचून संदेश पाठवत राहिला, तर फ्लाइट कंट्रोलरच्या दृष्टीने सगळे आलबेल असते. रिकाम्या बंगल्यात संध्याकाळी ठरल्या वेळी दिवा लागत राहावा तसे हे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला घरात कोणी नाही हे कळत नाही. म्हणून पायने प्रत्येक चित्राचा क्रमांक पाहावा आणि नवे चित्र आले तरच संदेश पाठवावा. संदेश पाठवण्यासाठी वेगळा टायमर ठेवणे ही इथली नेहमीची चूक आहे. चित्र नाही तर संदेश नाही, आणि संदेश नाही तर अर्ध्या सेकंदाने ब्रेक, इतकी सरळ साखळी असू द्यावी.

कोणी विचारेल, पाय एवढा शक्तिमान आहे तर थांबण्याचा हुकूमही त्यालाच का देऊ नये? गाइडेड मोडमध्ये तो शून्य वेगाची आज्ञा पाठवू शकतो. पाठवू शकतो, पण त्या क्षणी तो जिवंत असेल तर. पायवर लिनक्स चालते, त्यात इतर कामे चालू असतात, तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो. ज्याच्या बिघाडासाठी थांबायचे, त्याच्यावरच थांबवण्याचे काम सोपवता येत नाही. पायने सांगावे, फ्लाइट कंट्रोलरने थांबवावे. पुढे कधी वळसा घालणारी वाट काढायची असेल तेव्हा पायला जास्त अधिकार मिळतील, पण ही खालची साखळी तेव्हाही तशीच राहिली पाहिजे.

वळसाच का घालू नये, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ऑटो मोडसाठी आर्डुपायलटमध्ये `OA_TYPE` १ केले की बेंडीरूलर नावाची पद्धत वाट वाकवते, आणि लॉइटरमधली साधी टाळाटाळ ऑटोमध्ये लागू होत नाही हेही खरे. म्हणजे आखलेली मोहीम उडवायची असेल तर वळशाशिवाय गत्यंतर नाही. पण वळसा म्हणजे बाजूला जाणे, आणि बाजूचे दिसत नसेल तर तो जुगार आहे. साध्या टाळाटाळीसाठी आर्डुपायलट भोवतालचे वर्तुळ ४५ अंशांच्या आठ भागांत वाटतो आणि प्रत्येक भागातले सर्वांत जवळचे अंतर धरतो. आपण पाठवलेल्या ७२ पट्ट्या शेवटी दोनतीन भागांत मिटतात. एका फांदीने ४५ अंश बंद होतात. दोन झाडांमधल्या फटीतून जाण्यासाठी हे फार ढोबळ आहे, थांबण्यासाठी मात्र पुरेसे आहे. डाव्या-उजव्या बाजूला आणखी दोन कॅमेरे बसतील तेव्हा वळशाचा विचार करावा.

तिसरा आक्षेप अनुभवी पायलटांचा: जे दिसत नाही त्याला अडथळा मानले तर ड्रोन उघड्या माळावरही जागचा हलणार नाही, आणि कंटाळलेला पायलट यंत्रणाच बंद करून टाकेल. पहिला भाग खरा आहे. वीस मीटर उंचीवर समोर आकाश आणि दूरचे धूसर रान असते. निम्म्याहून जास्त पिक्सेल शून्य येतात आणि ड्रोन अडतो. पण त्या उंचीवर पाच मीटरच्या नजरेचा उपयोगही नाही. ट्रान्समीटरच्या एका बटणाला `RCx_OPTION` ४० दिले की प्रॉक्सिमिटी टाळाटाळ चालू-बंद करता येते. भिंतीकडे जाताना चालू, माळावरून परतताना बंद. बंद करणे ही पायलटने घोषित केलेली कृती असावी, यंत्राने गुपचूप घेतलेली सूट नसावी. आक्षेपाचा दुसरा भाग मी जास्त गंभीरपणे घेतो. खोटे थांबे जास्त झाले तर लोक खरेच यंत्रणा काढून टाकतात. म्हणून प्रत्येक थांब्याचे कारण पायने नोंदवून ठेवावे: पट्टी कोणती, अंतर किती, आंधळे पिक्सेल किती टक्के. सकाळच्या तिरप्या उन्हात थांबे वाढत असतील तर भिंगावर सावलीसाठी छोटे छत लावावे. एकाच कडेच्या पट्टीत नेहमी ४० सेंटिमीटर येत असेल तर पंख्याचे टोक किंवा ड्रोनचा पाय चित्रात येतो आहे, कॅमेरा पुढे सरकवावा. ‘निम्मे’ ही मर्यादा सैल करणे हा सर्वांत शेवटचा उपाय.

चाचणी जमिनीवर, पंखे काढून सुरू होते. मिशन प्लॅनरमध्ये `Ctrl+F` दाबून प्रॉक्सिमिटीची खिडकी उघडली की ड्रोनभोवतीचे वर्तुळ दिसते. समोर मोठा पुठ्ठा धरून तो पाच मीटरपासून जवळ आणावा. आकडा टेपशी जुळतो का पाहावे आणि पुठ्ठा भिंगाला टेकेपर्यंत न्यावा. टेकल्यावर वर्तुळ मोकळे दिसले तर आंधळ्या पट्टीचा नियम चालत नाही. मग तळव्याने भिंग झाकावे, यूएसबीची तार उपटावी, पायचा वीजपुरवठा काढावा आणि पायवरचा कार्यक्रम मधेच मारावा. चारही वेळा काय होते ते पाहावे. झाकलेल्या भिंगाने १९० यायला हवे, उरलेल्या तिन्हींनी स्थिती ‘माहिती नाही’ व्हायला हवी. याच वेळी उपग्रहांची संख्याही पाहून घ्यावी. यूएसबी ३ ची तार जीपीएसच्या लहरींत गोंधळ घालते. कॅमेरा चालू केल्याबरोबर उपग्रह कमी झाले तर जीपीएस उंच काठीवर न्यावा आणि तार कवच असलेली, आखूड वापरावी. ज्या थांब्याला जीपीएस लागते तो कॅमेऱ्याच्याच तारेने बिघडावा, हे परवडणारे नाही.

हवेतली पहिली चाचणी खऱ्या भिंतीवर करू नये. दोन बांबूंमध्ये जुनी छापील चादर ताणून बांधावी. नक्षी असल्याने कॅमेऱ्याला ती नीट दिसते, आणि धडक बसली तरी चादर फारसे काही बिघडवत नाही. अशा ड्रोनचे वजन बॅटरीसह दोन किलोच्या आत राहिले तर तो भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मायक्रो वर्गात येतो. डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही ते आधी पाहून घ्यावे. सेकंदाला एक मीटरने चादरीकडे जावे, काठी पुढेच दाबून ठेवावी आणि ड्रोन कुठे थांबतो ते मोजावे. मग दोन मीटर, मग तीन. प्रत्येक फेरीनंतर फ्लाइट कंट्रोलरची नोंद उघडावी. तिच्यातल्या `SA` ओळींत पायलटने मागितलेला वेग आणि टाळाटाळीने कापलेला वेग शेजारी शेजारी दिसतात, `PRX` ओळींत त्या क्षणीची अंतरे. पायच्या नोंदीतला चित्र घेतल्याचा क्षण आणि `PRX` मध्ये तेच अंतर उमटल्याचा क्षण, या दोन क्षणांतला उशीर वाचावा. आपण ०.३ सेकंद धरले होते. तो ०.५ निघाला तर तीन मीटर वेगाला ४.७ ऐवजी ५.३ मीटर लागतात. ते नजरेबाहेर गेले. तेव्हा पायवरचा कार्यक्रम हलका करावा, नाहीतर `LOIT_SPEED` २५० वर आणावा. दोन्ही मार्ग चालतील, पण तो आकडा ३०० वर तसाच ठेवून भिंतीकडे निघणे चालणार नाही.